जपानी मेन्यूचा मिररलेस कॅमेरा: रॉ फाइल सापडत नाही किंवा कार्ड दिसत नाही, तेव्हा काय तपासावे

जपानमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहिलेल्या आपल्या मंडळींकडून, किंवा त्यांच्या हस्ते मागवून, टोकियोतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतला मिररलेस कॅमेरा घरी येतो. किंमत बरी असते, कॅमेरा निगुतीने वापरलेला असतो आणि पहिल्याच संध्याकाळी कळते की मेन्यू संपूर्ण जपानी आहे. गेल्या काही वर्षांत असे डझनभर कॅमेरे माझ्या टेबलावर येऊन गेले. त्यांत बहुतेक सोनीचे होते आणि त्यातही अल्फा ६४०० व अल्फा ७ थ्री ही दोनच मॉडेले जास्त होती. म्हणून पुढचे सगळे या दोघांना धरून लिहिले आहे. कॅमेऱ्याच्या तळाशी `ILCE-6400` किंवा `ILCE-7M3` असे छापलेले असेल तर ते जसेच्या तसे लागू पडेल.

तक्रारी ठरलेल्या असतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, निवडली असे वाटते, पण संगणकावर केवळ जेपेग फाइली दिसतात. रॉ एकदा लावले होते, दुसऱ्या दिवशी ते आपोआप गेलेले असते. शटर दाबले की फोटो निघाल्यासारखा आवाज येतो, पण नंतर काहीच सापडत नाही. कार्ड घातलेले असूनही पडद्यावर `NO CARD` असे येते. शटर दाबूनही काहीच होत नाही. व्हिडिओ कॅमेऱ्यात दिसतो, पण कार्डावर सापडत नाही. मेन्यूतल्या काही ओळी करड्या पडलेल्या असतात आणि त्यांवर दाबले की जपानीत एक खुलासा येतो, जो वाचता येत नाही. या सगळ्यांत कॅमेरा खरोखर बिघडलेला असल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे. जवळजवळ नेहमी आधीच्या मालकाने स्वतःच्या सोयीने लावून ठेवलेली एखादी सेटिंग तशीच राहिलेली असते.

सर्वांत आधी: भाषेची ओळ आहे का?

ही तपासणी फुकट आणि दोन मिनिटांची आहे, म्हणून ती पहिली. सगळ्याच जपानी कॅमेऱ्यांत केवळ जपानी भाषा असते असे नाही. फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत `言語/LANG.` अशी ओळ सापडते, आणि निकॉन व कॅननच्या पुष्कळ जुन्या मॉडेलांतही `言語` या दोन अक्षरांची ओळ असते. ती दिसली तर इंग्रजी निवडून मोकळे व्हावे. सोनी आणि पॅनासोनिक यांनी जपानच्या बाजारासाठी विकलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत मात्र ही ओळच नसते. ती लपवलेली नसते, तर मेन्यूत घातलेलीच नसते.

लोक इथे दोन चुका करतात. पहिली म्हणजे कंपनीच्या भारतीय किंवा अमेरिकी संकेतस्थळावरून फर्मवेअर उतरवून टाकणे. त्याने भाषा बदलत नाही, कारण कोणत्या देशाचा कॅमेरा आहे ही नोंद फर्मवेअरच्या बाहेर, कॅमेऱ्यात वेगळी साठवलेली असते. दुसरी चूक म्हणजे सगळे रीसेट करून पाहणे. रीसेटनेही इंग्रजी येत नाही. जपानी मेन्यू जपानीच राहतो आणि घड्याळापासून सगळे पुन्हा लावत बसावे लागते. अल्फा ६००० सारख्या जुन्या, अॅप चालणाऱ्या मॉडेलांसाठी `OpenMemories: Tweak` नावाचे एक अनधिकृत साधन आहे आणि त्याने भाषा उघडता येते हे खरे आहे. परंतु अल्फा ६४०० आणि अल्फा ७ थ्री या मॉडेलांत त्या अॅपची सोयच नाही, त्यामुळे तिथे ते चालत नाही. जिथे चालते तिथेही काही बिनसले तर जबाबदारी आपली असते, हे समजून मगच हात घालावा.

मेन्यू वाचू नका, त्याचा पत्ता मोजा

भाषा बदलत नाही हे एकदा मान्य केले की पुढचे काम वाटते त्यापेक्षा सोपे आहे. त्याच मॉडेलची इंग्रजी मार्गदर्शिका कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते आणि जपानी व इंग्रजी मेन्यूतला ओळींचा क्रम जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे हव्या त्या ओळीचा पत्ता तीन गोष्टींनी सांगता येतो: वरचे कोणते चित्र, त्याखालचे कितवे पान आणि पानावरची कितवी ओळ. या दोन्ही मॉडेलांत वरच्या पट्टीवर सहा चित्रे असतात: कॅमेरा आणि १, कॅमेरा आणि २, नेटवर्कचा गोल, फोटो पाहण्याचा त्रिकोण, अवजारांची पेटी आणि शेवटी तारा. आपले काम मुख्यतः पहिल्या चित्रात आणि अवजारांच्या पेटीत असते.

या मोजणीत एकच फसगत आहे. जपानी कॅमेऱ्यात भाषेची ओळच नसल्यामुळे अवजारांच्या पेटीतल्या पुढच्या ओळी एकेक घर वर सरकू शकतात. इंग्रजी पुस्तकात एखादी गोष्ट चौथी दिसली आणि आपल्या पडद्यावर ती तिसरी असेल, तर गोंधळून जाऊ नये. म्हणूनच नुसत्या मोजणीवर विसंबता येत नाही, थोडी अक्षरे ओळखीची करून घ्यावी लागतात.

सर्वांत उपयोगी जोडी म्हणजे `入` आणि `切`. पहिले म्हणजे चालू, दुसरे म्हणजे बंद. सोनीच्या मेन्यूत ही अक्षरे इतक्यांदा येतात की ती दोन ओळखली की निम्मा मेन्यू उलगडतो. `実行` म्हणजे ‘करा’, आणि त्याच्या शेजारचे लांबलचक `キャンセル` म्हणजे ‘रद्द’. काय होणार आहे ते कळत नसेल तेव्हा नेहमी लांबलचक शब्दावर जावे. `撮影` म्हणजे फोटो काढणे, `再生` म्हणजे काढलेले पाहणे, `記録` म्हणजे साठवणे आणि `削除` म्हणजे खोडणे.

याहून महत्त्वाची एक जोडी मी प्रत्येकाला कागदावर मोठी लिहून देतो:

```
ファイル形式    फाइलचा प्रकार (रॉ की जेपेग)
フォーマット    कार्ड पूर्ण पुसणे
```

दोन्ही `フ` या एकाच अक्षराने सुरू होतात, दोन्हींत सहा-सहा अक्षरे आहेत, आणि पहिली ओळ निरुपद्रवी असून दुसरी कार्डावरचे सगळे फोटो घालवते. ओळखायची खूण शेवटाला आहे. फाइलच्या प्रकाराच्या शेवटी `形式` ही दोन भरगच्च चौकोनी अक्षरे येतात; पुसण्याच्या शब्दाच्या शेवटी `ト` असा एक उभा दांडा आणि त्याला फुटलेली एक छोटी फांदी असते. अल्फा ६४०० आणि ७ थ्रीमध्ये हे दोन शब्द वेगवेगळ्या चित्रांखाली असतात, त्यामुळे धोका कमी आहे. अल्फा ७ फोरसारख्या मॉडेलांच्या नव्या मेन्यूत मात्र दोन्ही फोटो काढण्याच्या एकाच विभागात आले आहेत, तेव्हा तिथे दुप्पट सावध राहावे.

मोडची चकती

हीही फुकटची तपासणी. वरच्या चकतीवरची अक्षरे सुदैवाने रोमनच असतात. शटर दाबून काहीच होत नसेल तर चकती चित्रफितीच्या चिन्हावर किंवा `S&Q` वर आहे का, ते पाहावे. तिथे शटरचे बटण फोटो काढत नाही. चित्रीकरण वेगळ्या लाल ठिपक्याच्या बटणाने सुरू होते. चकती `AUTO` वर असेल तर मेन्यूतल्या अनेक ओळी करड्या पडतात, कारण त्या गोष्टी कॅमेरा स्वतः ठरवत असतो. शिकण्यासाठी आणि तपासणीसाठी चकती `P` वर ठेवावी. प्रकाशाचे प्रमाण कॅमेरा सांभाळतो आणि मेन्यू बहुतांश मोकळा राहतो. अल्फा ६४०० वर पॅनोरामाचीही एक जागा आहे आणि पॅनोरामा केवळ जेपेगमध्येच निघतो, त्यामुळे तिथे रॉ मिळत नाही म्हणून मेन्यूशी झगडण्यात अर्थ नाही.

चकतीवरची सर्वांत छुपी जागा म्हणजे अल्फा ७ थ्रीवरचे `1` आणि `2`, तसेच अल्फा ६४०० वरचे `MR`. इथे मालकाने एकदा साठवून ठेवलेल्या सेटिंगा उभ्या राहतात. ‘काल रॉ लावले होते, आज पुन्हा जेपेग’ अशी तक्रार आली की मी आधी इथेच पाहतो. आपण `1` वर असताना फाइलचा प्रकार बदलतो, फोटो काढतो, चकती फिरवतो आणि परत `1` वर आलो की आधीच्या मालकाची जुनी मांडणी पुन्हा हजर होते. कॅमेरा विसरत नाही, उलट आपल्याला नको असलेलेच नेमके लक्षात ठेवतो. उपाय सोपा आहे: `P`, `A`, `S` किंवा `M` वर काम करावे, आणि पुढे मेन्यू अंगवळणी पडला की मगच आपली मांडणी `1` मध्ये साठवावी.

कार्ड कोणत्या खाचेत आहे आणि कुलूप लागले आहे का

कार्ड बाहेर काढून डाव्या कडेचा छोटा सरकता खटका पाहावा. तो खाली, कुलपाच्या बाजूला सरकला असेल तर त्यावर काही लिहिले जात नाही. कार्ड घालताना तो नखाने किंचित सरकणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. जुन्या कार्डांत हा खटका सैल होतो आणि आपोआप घसरतो. असे कार्ड सरळ बाजूला काढावे.

अल्फा ७ थ्रीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. दार उघडले की एकावर एक अशा दोन खाचा दिसतात आणि कोणीही कार्ड सहजपणे वरच्या खाचेत घालतो. पण वरची खाच दोन क्रमांकाची आणि खालची एक क्रमांकाची आहे, आणि कॅमेरा मुळात एक क्रमांकावर साठवायला बसवलेला असतो. म्हणून वर कार्ड असूनही पडद्यावर `NO CARD` दिसते. कार्ड खालच्या खाचेत, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत घालून पाहावे. दोन कार्डे वापरायची असतील तर वेगवान कार्ड खालीच ठेवावे, कारण यूएचएस-टू प्रकारच्या कार्डाचा वेग फक्त खालच्या खाचेतच मिळतो.

याच्याच जोडीची एक सेटिंग, माझ्या मते, सगळ्यांत आधी बदलावी. पहिल्या दोन, म्हणजे कॅमेऱ्याच्या, चित्रांखाली `カードなし` या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. कार्ड नसताना शटर चालू द्यायचे की नाही, हे ती ठरवते. ती मुळात `許可` म्हणजे ‘परवानगी’ वर असते, त्यामुळे कार्ड नसतानाही कॅमेरा क्लिक करत राहतो, पडद्यावर क्षणभर फोटोही दाखवतो आणि आपल्याला वाटते की सगळे ठीक चालले आहे. तिथे `禁止` म्हणजे ‘मनाई’ निवडावी. मग कार्ड नसेल तर शटरच दाबले जात नाही आणि चूक जागच्या जागी कळते. दुकानात कॅमेरा मांडून ठेवणाऱ्यांसाठी पहिली सोय असावी. लग्नात फोटो काढणाऱ्याला तिचा काहीच उपयोग नाही.

फाइलचा प्रकार

कॅमेरा आणि १ या चित्राखालचे पहिलेच पान उघडावे. सर्वांत वर `ファイル形式` आहे. त्यात `RAW`, `RAW+JPEG` आणि `JPEG` हे तीन पर्याय रोमन अक्षरांतच दिसतात, म्हणून इथे चुकण्याची भीती नाही. त्याखालच्या `JPEG画質` मध्ये जेपेगचा दर्जा असतो: `エクストラファイン` सर्वांत चांगला, मग `ファイン`, मग `スタンダード`. अल्फा ७ थ्रीमध्ये `RAW記録方式` अशी आणखी एक ओळ आहे. तिथे `圧縮` म्हणजे दाबलेली आणि `非圧縮` म्हणजे न दाबलेली फाइल. दुसऱ्यात पुढे जोडलेले `非` हे अक्षर ‘नाही’ असे सांगते. दाबलेली रॉ फाइल साधारण २४ एमबीची आणि न दाबलेली सुमारे ४७ एमबीची होते.

हा फरक लहान वाटतो, पण कार्ड भरण्याच्या हिशेबात तो मोठा आहे. दाबलेली रॉ आणि सोबत १० एमबीच्या आसपासची जेपेग धरली तर एका फोटोला ३४ एमबी लागतात आणि ६४ जीबीच्या कार्डात साधारण १,८८० फोटो बसतात. न दाबलेली रॉ लावली की तेवढ्याच कार्डात ११०० च्या आसपासच बसतात. ‘कार्ड इतक्या लवकर कसे भरते’ हा प्रश्न आला की आधी या ओळीत `非` आहे का, ते पाहावे.

आता करड्या पडलेल्या ओळींचे. रॉ लावल्यावर आपोआप एचडीआर आणि काही चित्रपरिणाम निवडता येत नाहीत, कारण ते कॅमेऱ्यातच फोटोवर प्रक्रिया करून जेपेग तयार करतात. म्हणजे `オートHDR` करडी दिसली तर तो बिघाड नाही. अशा ओळीवर मधले बटण दाबले की कॅमेरा कारण सांगतो, आणि त्या जपानी खुलाशात बहुधा अडवणाऱ्या सेटिंगचे नाव असते. त्यात `RAW` ही तीन रोमन अक्षरे दिसली की उत्तर मिळाले.

नव्या मॉडेलांत `JPEG/HEIF切換` अशी ओळ आढळते. फोटो कॅमेऱ्यात दिसतात पण जुन्या संगणकावर उघडत नाहीत, असे असेल तर इथे `JPEG` आहे का, ते पाहावे.

दोन कार्डांत वाटणी: एक पूर्ण प्रसंग

कोल्हापूरला माझा मामेभाऊ छोट्या समारंभांचे फोटो काढतो. त्याने टोकियोतल्या मित्राकरवी अल्फा ७ थ्री मागवला आणि दोन महिन्यांनी मला फोन केला. ‘दादा, रॉ प्लस जेपेग लावलंय, पडद्यावर तसं दिसतंयही, पण रॉ फाइल एकही येत नाहीये. दुकानदारानं बिघडलेला कॅमेरा दिला काय?’ त्याने कार्ड बदलले होते, रीसेट केले होते, कार्ड रीडरही नवा आणला होता. मी त्याला कॅमेरा घेऊनच पुण्याला यायला सांगितले.

कॅमेऱ्यात दोन कार्डे होती. खालचे ६४ जीबीचे कार्ड तो दर कार्यक्रमानंतर काढून संगणकात लावत असे. वरच्या ३२ जीबीच्या कार्डाकडे तो ‘जादाचे’ म्हणून पाहत होता, आणि ते भरले की कॅमेऱ्यातच पुसत होता. मी खालचे कार्ड संगणकात लावले. `DCIM` मधल्या `100MSDCF` फोल्डरमध्ये ६१२ फाइली होत्या आणि सगळ्यांचा शेवट `.JPG` होता. मग वरचे कार्ड लावले. तिथेही ६१२ फाइली, सगळ्यांचा शेवट `.ARW`. खालच्या कार्डावरच्या `DSC04117.JPG` ची रॉ जोडी वरच्या कार्डावर `DSC04117.ARW` या नावाने शांतपणे बसलेली होती. कॅमेरा एकही फाइल चुकवत नव्हता. तो त्या दोन कार्डांत वाटून टाकत होता आणि भाऊ दर महिन्याला त्यांपैकी अर्धा, तोही मौल्यवान अर्धा, स्वतःच्या हाताने पुसत होता.

ही वाटणी ठरते अवजारांच्या पेटीखालच्या `記録メディア設定` या ओळीत. तिच्या आत कोणत्या खाचेला प्राधान्य द्यायचे हे `優先` या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत असते, आणि कसे साठवायचे हे `記録モード` मध्ये. या दुसऱ्या ओळीतले तीन शब्द ओळखता आले की पुरे. `標準` म्हणजे नेहमीसारखे, एकाच कार्डावर. `同時` ने सुरू होणारे पर्याय म्हणजे तीच फाइल एकाच वेळी दोन्ही कार्डांवर. `振り分け` ने सुरू होणारे पर्याय म्हणजे वाटणी, आणि भावाच्या कॅमेऱ्यात रॉ-जेपेगची हीच वाटणी लावलेली होती. समारंभाचे काम करणाऱ्याने स्थिर फोटोंसाठी `同時` ठेवावे असे मी सांगतो, कारण एक कार्ड रुसले तरी दुसऱ्यावर सगळे शाबूत असते. मात्र दोन्ही कार्डांची क्षमता सारखी हवी. लहान कार्ड आधी भरते आणि तिथेच अडते. भावाला मी दुसरे ६४ जीबीचे कार्ड घ्यायला लावले. त्याच्या दोन महिन्यांच्या रॉ फाइली मात्र परत मिळाल्या नाहीत, कारण वरच्या कार्डावर पुसल्यानंतर पुन्हा पुन्हा लिहिले गेले होते.

रीसेट करूनही ही वाटणी का टिकली, असे त्याने विचारले. त्याने `設定リセット` मधला पहिला पर्याय निवडला होता, जो मुख्यतः फोटो काढण्याच्या सेटिंगा मूळपदावर आणतो. कार्डाची मांडणी अवजारांच्या पेटीत असल्यामुळे ती तशीच राहिली. संपूर्ण रीसेटचा पर्याय `初期化` हा आहे.

व्हिडिओ हरवल्याची तक्रार याच कुळातली आहे. एक्सएव्हीसी एस प्रकारचे व्हिडिओ `DCIM` मध्ये नसतातच; ते `PRIVATE`, त्यात `M4ROOT` आणि त्यात `CLIP` या फोल्डरमध्ये असतात. फोटो काढून घेऊन कार्ड पुसणारे लोक व्हिडिओ इथेच गमावतात.

कार्ड पुसणे आणि दुरुस्त करणे

इथून पुढच्या तपासण्यांत फोटो जाऊ शकतात, म्हणून आधी दोन्ही कार्डांतले सगळे संगणकावर उतरवून घ्यावे. कार्ड घातल्यावर पडद्यावर एखादे वाक्य येऊन त्याच्या शेवटी `フォーマットしますか` असे दिसले, तर कॅमेरा ‘पुसू का?’ असे विचारतो आहे. कार्डावर हवे असलेले फोटो असतील तर `キャンセル` निवडून कार्ड बाहेर काढावे आणि ते संगणकात उघडते का, ते पाहावे.

संगणकावर फोल्डरची नावे बदलली किंवा काही खोडले, तर कॅमेऱ्याची सूची आणि प्रत्यक्ष फाइली यांचा मेळ बसत नाही. त्यासाठी अवजारांच्या पेटीत `管理ファイル修復` आहे. ती सूची नव्याने लावते, फोटो खोडत नाही. कार्ड पुसण्याआधी हा उपाय करून पाहावा. तरीही अडचण राहिली तर कॅमेऱ्यातच `フォーマット` करावे. अल्फा ७ थ्रीमध्ये कोणती खाच पुसायची ते कॅमेरा विचारतो. तिथे १ म्हणजे खालची हे विसरू नये. पुसण्याचे काम संगणकापेक्षा कॅमेऱ्यात केलेले बरे, कारण कॅमेरा त्याला लागणारे फोल्डर आणि सूची त्याच वेळी तयार करतो.

पुसल्यावरही फोटो मधूनच अर्धे करडे निघत असतील, किंवा सुरुवातीचे ठीक आणि पुढचे सगळे खराब असतील, तर कार्ड बनावट असण्याची शक्यता मोठी आहे. अशा कार्डावर १२८ जीबी छापलेले असते, आत जागा त्याच्या पावपट असते आणि पुढचा माल हवेत जातो. विंडोजवर `H2testw` हा मोफत प्रोग्राम संपूर्ण कार्ड भरून परत वाचून पाहतो. मोठ्या कार्डाला तासाहून जास्त वेळ लागतो, पण निकाल स्पष्ट मिळतो. चुका दाखवल्या तर ते कार्ड वापरातून काढावे. दुरुस्त होण्यासारखे त्यात काही नसते.

सगळे करूनही गोंधळ राहिला, आणि आधीच्या मालकाने नेमके काय-काय बदलले आहे ते कळेनासे झाले, तरच शेवटी `初期化` करावे. त्यानंतर तारीख लावावी लागेल, आणि `カードなし` ची ओळ पुन्हा `許可` वर गेलेली असेल.

कुठे थांबावे

चालू असल्याची खात्री असलेली दोन वेगवेगळी कार्डे, योग्य खाचेत घालूनही `NO CARD` येत असेल, तर दोष खाचेतल्या पिनांचा असू शकतो. बॅटरी काढून विजेरीने आत पाहावे. एखादी पिन वाकलेली दिसली तर सुई किंवा चिमट्याने ती सरळ करायचा प्रयत्न करू नये. कार्ड अडखळत आत जात असेल, किंवा टक न होता बाहेर येत असेल, तरीही तिथेच थांबून कॅमेरा दुरुस्ती केंद्रात न्यावा. जपानमध्ये विकलेल्या कॅमेऱ्याची वॉरंटी सहसा जपानपुरतीच असते, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी लेखी मागून घ्यावा.

फोटो चुकून पुसले गेले असतील तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये, ते दुरुस्त करण्याची किंवा पुन्हा पुसण्याची खटपट करू नये. खटका कुलपाच्या बाजूला सरकवून ते वेगळे ठेवावे. फोटो पैशाने भरून न येणारे असतील तर घरगुती प्रोग्राम न वापरता कार्ड थेट डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावे, आणि पुसल्यानंतर त्यावर किती फोटो काढले गेले, हे त्याला खरे-खरे सांगावे.